०.६२५ ची बायनरी : दुप्पट का करायची आणि उत्तर वरून खाली का वाचायचं?



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी वही घेऊन घरी आला. चौथीपर्यंत माझ्याकडे होता, आता अकरावीला आहे आणि कॉम्प्युटर सायन्स विषय घेतलाय. म्हणाला, "सर, ही दोन्ही गणितं मी एकाच रीतीनं केली. पहिलं बरोबर आलं, दुसऱ्याला फुली. काय चुकलं तेच समजत नाही."

पहिलं गणित होतं ०.६२५ ला बायनरीत म्हणजे द्विमान पद्धतीत लिहायचं. त्यानं उत्तर लिहिलं होतं ०.१०१, आणि ते बरोबर होतं. दुसरं होतं ०.३७५. त्याचं उत्तर त्यानं ०.११० लिहिलं होतं आणि ते चूक होतं. मधल्या सगळ्या पायऱ्या मात्र दोन्हीकडे अगदी बरोबर होत्या.

आता मी डी.एड. झालेला प्राथमिकचा शिक्षक. बायनरी आम्हाला कुणी शिकवली नाही आणि आम्ही कुणाला शिकवत नाही. पण वही पाहिली तर आत सगळं आपलंच होतं : दशांश अपूर्णांक, दोनचा पाढा, स्थानिक किंमत. म्हणून म्हटलं, यावर एक लेख लिहूच. मोठ्या वर्गातली मुलं घरी असलेल्या पालकांना उपयोगी पडेल, आणि सहावी-सातवीला दशांश शिकवणाऱ्या शिक्षकांनाही.

आधी रीत पाहू. दशांश अपूर्णांकाला दोनने गुणायचं. गुणाकारात दशांश चिन्हाच्या डावीकडे जो अंक येईल (तो ० किंवा १ च असणार) तो बाजूला लिहून ठेवायचा. मग तो अंक काढून टाकायचा आणि उरलेल्या अपूर्णांकाला परत दोनने गुणायचं. उरलेलं शून्य झालं की थांबायचं.

०.६२५ × २ = १.२५०, बाजूला १
०.२५ × २ = ०.५०, बाजूला ०
०.५ × २ = १.०, बाजूला १

उरलं शून्य. बाजूचे अंक वरून खाली वाचले की १, ०, १. म्हणून उत्तर ०.१०१.

ताळा कसा करायचा? दशांश पद्धतीत चिन्हानंतरची घरं दशांश, शतांश, सहस्रांश अशी दहापटीनं लहान होत जातात. बायनरीत ती निम्म्यानं लहान होतात : पहिलं घर १/२ चं, दुसरं १/४ चं, तिसरं १/८ चं. ०.१०१ मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या घरात १ आहे. म्हणजे १/२ + १/८, म्हणजे ०.५ + ०.१२५. बेरीज ०.६२५. जमलं.

इथपर्यंत कुठल्याही गाइडात मिळेल. पण दुप्पट केल्यानं नेमकं काय होतं? पोरानं विचारलं तेव्हा मलाही चटकन सांगता येईना. शेजारी ओसरीवर माझी आजी शेंगा निवडत बसली होती. तिला सहज विचारलं, "आजी, दहा आणे द्यायचे तर कोणती नाणी द्यायचीस गं तू?" ती मान वर न करता म्हणाली, "एक अधेली न एक चवली."

बस. उत्तर तिथंच होतं.

ज्यांनी आणे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी (मीही पाहिले नाहीत) थोडं सांगतो. जुना रुपया सोळा आण्यांचा. अधेली म्हणजे आठ आणे, पावली म्हणजे चार, चवली म्हणजे दोन. त्याखाली आणा. आण्याचे चार पैसे, म्हणून अर्ध्या आण्याचं नाणं दोन पैशांचं, आपल्याकडे त्याला ढब्बू म्हणायचे. आणि शेवटी एक पैसा. १९५० साली प्रजासत्ताक भारताची पहिली नाणी निघाली ती हीच सात : रुपया, अर्धा रुपया, पाव रुपया, दोन आणे, एक आणा, अर्धा आणा, एक पैसा. प्रत्येक नाणं आधीच्याच्या बरोबर निम्मं. रुपयाच्या भाषेत १, १/२, १/४, १/८, १/१६, १/३२, १/६४. म्हणजे बायनरीतली घरंच ती!

दहा आणे म्हणजे रुपयाचे १०/१६, म्हणजे ०.६२५ रुपया. अधेली दिली : १. पावली दिली नाही : ०. चवली दिली : १. आजीचं "एक अधेली न एक चवली" आणि कॉम्प्युटरचं ०.१०१ हे एकच वाक्य आहे. प्रत्येक नाणं एकदाच द्यायचं किंवा द्यायचं नाही, म्हणून अंकही दोनच, १ आणि ०. दोन चवल्या कुणी देत नाही, त्यापेक्षा एक पावली देतो.

आता दुप्पट का, ते याच दहा आण्यांवर बघा. एक रस्ता असा की रक्कम तीच ठेवायची आणि नाणं लहान लहान करत जायचं. दहा आण्यांत अधेली बसते का? बसते, उरले दोन आणे. त्यात पावली? नाही. चवली? बसते. यात दर वेळी वेगळी वजाबाकी लागते आणि १/८, १/१६, १/३२ ही नाणी लक्षात ठेवावी लागतात. दुसरा रस्ता उलटा आहे. नाणं लहान करू नका, रक्कमच दुप्पट करा, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारा : रुपया भरला का?

दहा आणे दुप्पट केले, वीस आणे झाले. म्हणजे एक रुपया चार आणे. रुपया भरला, १ लिहा. तो रुपया उचलून बाजूला ठेवा. उरलेले चार आणे दुप्पट केले, आठ आणे. रुपया भरला नाही, ० लिहा. आठ आणे दुप्पट केले, सोळा आणे. रुपया भरला, १ लिहा. हातात काही उरलं नाही.

दुप्पट केल्यावर रुपया भरतो याचा अर्थ मुळात अधेली होती. दुसऱ्यांदा दुप्पट करताना आपण मूळ रकमेच्या चौपटीत असतो, म्हणून तिथं भरलेला रुपया म्हणजे मुळातली पावली. तिसऱ्यांदा आठपट, तिथला रुपया म्हणजे मुळातली चवली. नाणं एकदा मोजलं की ते परत मोजायचं नाही, म्हणून भरलेला रुपया बाजूला ठेवायचा. रीतीतलं "डावीकडचा १ काढून टाका" हे वाक्य एवढ्यासाठीच आहे. कित्येक मुलं तो काढत नाहीत, १.२५ लाच परत दोनने गुणतात, २.५ येतं आणि गोंधळतात. बाजूला २ लिहायची वेळ आली की समजायचं, मागचा रुपया उचलायचा राहिलाय.

ज्यांना नाण्यांपेक्षा अंक बरे वाटतात त्यांनी हीच रीत दोनऐवजी दहाने करून पाहावी. ०.६२५ × १० = ६.२५, बाजूला ६. ०.२५ × १० = २.५, बाजूला २. ०.५ × १० = ५, बाजूला ५. वरून वाचा : ६, २, ५. जी संख्या घेतली तीच परत आली! दहाने गुणलं की चिन्ह एक घर सरकतं आणि पहिला अंक डावीकडे येतो, हे आपण सहावीत शिकवतोच. दोनने गुणलं की बायनरीतलं चिन्ह एक घर सरकतं आणि पहिला बायनरी अंक डावीकडे येतो. ती संख्या आपण दशांशात लिहिली आहे म्हणून ते सरकणं डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

आता त्या फुलीकडे येऊ.

०.३७५ × २ = ०.७५०, बाजूला ०
०.७५ × २ = १.५०, बाजूला १
०.५ × २ = १.०, बाजूला १

वरून खाली ०, १, १. उत्तर ०.०११. पोरानं ते खालून वर वाचलं आणि ०.११० लिहिलं. ०.११० म्हणजे १/२ + १/४, म्हणजे ०.७५, मूळ संख्येच्या थेट दुप्पट. मी विचारलं, "खालून का वाचलंस?" तो म्हणाला, "सर, पूर्ण संख्येला तसंच शिकवलंय ना."

आणि ते खरंच तसं शिकवलेलं असतं. १३ सारखी पूर्ण संख्या बायनरीत लिहिताना तिला दोनने भागत जातात, बाकी लिहीत जातात, आणि बाकी खालून वर वाचतात. कारण तिथं पहिली बाकी एककाच्या घराची असते, म्हणजे सगळ्यात लहान घर आधी मिळतं. अपूर्णांकात उलट आहे. पहिल्या दुपटीत अधेलीचा निकाल लागतो, म्हणजे सगळ्यात मोठं घर आधी. दोन्हीकडे दशांश चिन्हाच्या जवळचं घर पहिलं मिळतं आणि आपण चिन्हापासून दूर जात राहतो. "भागाकार खालून, गुणाकार वरून" असं पाठ करून घेतलं तर परीक्षेच्या दिवशी मुलं हमखास उलटं आठवतात. "पहिलं मिळालेलं घर चिन्हाला चिकटवा" असं सांगितलं तर दोन्हीकडे चालतं.

पण मग ०.६२५ ला त्याचं बरोबर कसं आलं? कारण १०१ वरून वाचा नाहीतर खालून, १०१च! तिथंही तो चुकीच्या दिशेनंच वाचत होता, पण ते दिसलं नाही. माझी शिक्षकांना विनंती आहे की फळ्यावरचं पहिलं उदाहरण म्हणून ०.६२५ घ्यायला हरकत नाही, पण तपासण्यासाठी ते घेऊ नका. तपासायला १३ आणे घ्या, म्हणजे ०.८१२५. दुप्पट करत गेलं की १, १, ०, १ मिळतात : अधेली, पावली, चवली नाही, आणा आहे. कुणी उलटं वाचलं तर १०११ येईल, म्हणजे अकरा आणे, आणि चूक लगेच पकडता येईल.

आणखी एक चूक मला या मुलाच्या जुन्या पानांवर दिसली, आणि ती आपल्या प्राथमिकच्या वर्गातून गेलेली आहे. ०.६२५ × २ = ०.१२५०. काय झालं बघा : ६२५ ची दुप्पट १२५० बरोबर केली, आणि पुढं "शून्य पूर्णांक" जसंच्या तसं लावून दिलं. चिन्हामागचे अंक म्हणजे स्वतंत्र "सहाशे पंचवीस" आहेत असं मुलाच्या डोक्यात बसलेलं असतं. दुप्पट केल्यावर संख्या लहान कशी झाली, असा प्रश्न त्याला पडत नाही. अशा वेळी पुढची सगळी बायनरी चुकते, पण आजार बायनरीचा नसतो. अर्ध्यापेक्षा जास्त असलेल्या कुठल्याही अपूर्णांकाची दुप्पट एकापेक्षा जास्तच आली पाहिजे, हे एकदा तोंडी विचारून घ्या.

आता या रीतीची हद्द कुठं संपते ते बघू. सगळ्यात गंमत इथं आहे. ०.१ घ्या.

०.१ × २ = ०.२, बाजूला ०
०.२ × २ = ०.४, बाजूला ०
०.४ × २ = ०.८, बाजूला ०
०.८ × २ = १.६, बाजूला १
०.६ × २ = १.२, बाजूला १
०.२ × २ = ०.४, बाजूला ०

थांबा. ०.२ तर वर येऊन गेलं. म्हणजे इथून पुढं परत ०.४, ०.८, १.६, १.२ आणि परत ०.२. बैल घाण्याला जुंपल्यासारखं. उत्तर ०.०००११००११००११… असं कधीच न संपणारं. एक भागिले तीन करताना ०.३३३… येतं तसंच हे. आपल्याला दशांशात ०.१ एवढं सोपं वाटतं, पण निम्म्या-निम्म्याच्या नाण्यांत ते देताच येत नाही.

नाण्यांवरही करून पाहा. शंभर पैशांच्या रुपयातले दहा पैसे जुन्या नाण्यांत द्यायचे. अधेली, पावली, चवली, तिन्ही मोठी. आणा द्या, म्हणजे ६.२५ पैसे. वर ढब्बू, म्हणजे ३.१२५. झाले ९.३७५. उरले ०.६२५ नवे पैसे (बघा, आपली तीच संख्या परत आली), आणि जुना एक पैसासुद्धा दीड नव्या पैशाहून थोडा मोठा. सुट्टे संपले! १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा उलट बाजूनं हीच अडचण झाली होती. दहा आण्यांचे साडेबासष्ट नवे पैसे होतात, आणि अर्ध्या नव्या पैशाचं नाणंच नव्हतं. चार आणे आणि आठ आणे मात्र पंचवीस आणि पन्नास पैसे म्हणून सरळ बसले. म्हणूनच ती नावं इतकी वर्षं आपल्या तोंडात राहिली.

कोणता अपूर्णांक संपेल आणि कोणता घाण्याला लागेल हे आधी ओळखता येतं का? येतं. शेवटचा अंक बघा. तो ५ असेल तरच दुप्पट केल्यावर शेवटी शून्य येऊन संख्या एका घरानं आखूड होते : ०.६२५, मग ०.२५, मग ०.५, मग शून्य. दर वेळी शेवटी ५ यायला हवा. एकदा जरी दुसरा अंक आला तरी ते गणित कधीच संपणार नाही. ०.३५ घ्या, शेवटी ५ आहे, पण दुप्पट ०.७. लागलं घाण्याला. एका दशांश स्थळाच्या नऊ अपूर्णांकांत एकटा ०.५ संपतो, बाकीचे आठ संपत नाहीत.

परीक्षेत अशा वेळी "आठ स्थळांपर्यंत" असं लिहिलेलं असतं. ०.१ चं आठ स्थळांपर्यंतचं उत्तर ०.०००११००१. ताळा करताना १/१६ + १/३२ + १/२५६ घ्या, ०.०९७६५६२५ येतं. मुलं इथं घाबरतात की ०.१ का आलं नाही. ते येणारच नाही. उत्तर मूळ संख्येपेक्षा थोडं कमी यावं आणि ती तूट शेवटच्या घरापेक्षा, म्हणजे इथं १/२५६ पेक्षा, लहान असावी. इथली तूट साधारण ०.००२३ आणि १/२५६ म्हणजे साधारण ०.००३९. म्हणून उत्तर बरोबर.

कॉम्प्युटरलाही घरं मोजकीच असतात, त्यामुळे त्यालाही कुठंतरी तोडावंच लागतं. घरी कुणाच्या लॅपटॉपवर पायथॉन असेल तर मुलाला हे टाइप करायला सांगा :

```
>>> 0.625 + 0.125
0.75
>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004
```

पहिली बेरीज दहा आणे अधिक दोन आणे, चोख बारा आणे. दुसरीत शेवटी तो चार कुठून आला, हे आता मुलाला स्वतःला सांगता येईल. आणि दुप्पट करण्याची आपली रीत पाच ओळींत अशी लिहिता येते :

```
x = 0.625
while x > 0:
    x = x * 2
    print(int(x))
    x = x - int(x)
```

1, 0, 1 छापून ती थांबते. पहिल्या ओळीत 0.1 घाला. खरं तर ती कधीच थांबू नये, पण ५५ ओळींनंतर थांबते. कारण मशीनमध्ये साठवलेला ०.१ हा मुळात ०.१ नाहीच, तोडून जवळपास बसवलेला एक संपणारा अपूर्णांक आहे.

एवढ्याशा तुटीनं काय बिघडतं, असं वाटेल. २५ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरान इथं अमेरिकेची पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मेले. त्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि त्याला ०.१ नं गुणून सेकंद काढायचे. तो ०.१ चोवीस घरांच्या जागेत तोडून बसवलेला होता. एका ०.१ ला तूट फक्त ०.०००००००९५ च्या आसपास. पण यंत्रणा सुमारे १०० तास बंद न करता चालू होती. १०० तासांत सेकंदाचे दहावे भाग किती? १०० × ६० × ६० × १०, म्हणजे ३६ लाख. गुणाकार करा : साधारण ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं येतं, म्हणजे तेवढ्यात ते अर्ध्या किलोमीटरपेक्षा पुढं निघून गेलेलं असतं. यंत्रणा ते भलतीकडेच शोधत होती.

हे सांगितल्यावर पोरगा जरा वेळ गप्प बसला. मग त्यानं ०.३७५ चं गणित खोडून परत केलं. मी पाहिलं तर समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "सहा आणे : अधेली नाही, पावली आहे, चवली आहे." आजीनं शेंगांतून मान वर काढून विचारलं, "अन सात आणे रे?"